गळकी बाटली किती रुपयांना पडते?

पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या मस्जिद बंदरला पॅकिंगच्या दुकानात शिरलं की तपकिरी काचेची, काळ्या रबराच्या फुग्याची ३० मिलीची ड्रॉपर बाटली हातात घेतल्याशिवाय राहवत नाही. ती हाताला जड लागते, औषधी दिसते आणि फोटोतही छान येते. चेहऱ्याचं तेल किंवा सीरम विकायला काढणाऱ्या बहुतेक छोट्या उद्योजिका पहिली खरेदी हीच करतात. दुकानदारही भरवसा देतो, "ताई, गळणार नाही, गॅरंटी." दुकानाच्या फळीवर उभी असताना ती खरंच गळत नाही. पण कुरियरच्या पोत्यात ती उभी नसते. चार दिवस आडवी-उलटी लोळत, दुपारच्या उन्हात तापत ती अकोल्याला किंवा बंगळुरूला पोचते. तिथे खोका उघडणाऱ्या ग्राहकाच्या हाती कधी कधी तेलकट पुठ्ठा आणि अर्धी बाटली पडते.

छोट्या ब्रँडसाठी पॅकिंग निवडताना चार गोष्टी एकमेकींना ओढत असतात: किंमत, गळती, माल टिकण्याची मुदत आणि खोका उघडतानाचा आनंद. चौघींना एकाच वेळी खूश करता येत नाही, पण त्यांचा क्रम लावता येतो. तो कसा लावायचा, हे एकाच वस्तूच्या आधारे पाहू. समजा, साताऱ्यातली एक उद्योजिका चेहऱ्याला लावायचं तेल बनवते. बाटली ३० मिलीची, विक्रीची किंमत ५९९ रुपये, महिन्याला दोन-तीनशे बाटल्या, आणि जवळपास सगळा माल कुरियरने जातो.

तेल बाहेर कुठून येतं

ड्रॉपरच्या झाकणाचे तीन भाग असतात: वरचा रबराचा फुगा, त्याला धरून ठेवणारी प्लास्टिकची किंवा धातूची कडी आणि खाली लोंबणारी काचेची नळी. फुग्याची खालची कडा बाहेर वळलेली असते. झाकण आवळलं की ती बाटलीच्या काठावर दाबली जाते आणि तोंड बंद होतं. साध्या झाकणात हे काम आतली चकती करते. बाजारात तिला वॅड म्हणतात. वॅड सपाट, अखंड आणि दबणारी असते. ड्रॉपरमध्ये मात्र मधोमध भोक असलेल्या रबराच्या एका पातळ कडेवर सगळा भार येतो. त्यामुळे तेलाला निसटायला दोन वाटा मिळतात. एक म्हणजे काठ आणि रबर यांच्यामधली, दुसरी म्हणजे फुगा आणि कडी यांच्यामधली. दुसरी वाट झाकण कितीही आवळलं तरी बंद होत नाही. बाटली आडवी झाली की तेल नळीतून फुग्यात जातं, आणि कडीशी बसणी सैल असेल तर तिथून झिरपू लागतं.

वाट असली तरी ढकलणारं काहीतरी लागतं. ते काम उष्णता करते. ३० मिली तेल भरलेल्या बाटलीत नळी बुडवल्यावर साधारण चार मिली हवा उरते असं धरू. बाटली २५ अंशांवर बंद केली आणि मे महिन्यात गाडीच्या बंद हौद्यात ५० अंशांपर्यंत तापली, तर तेल फुगून जवळपास अर्धा मिली जास्त जागा घेतं. हवाही तापते आणि तिच्या वाट्याची जागाही कमी होते. दोन्ही मिळून आतला दाब साधारण पाव पटीने वाढतो. आता हीच बाटली ग्राहकाला भरगच्च दिसावी म्हणून काठोकाठ भरली, आणि हवा एकच मिली उरली, तर तेवढ्याच उष्णतेत दाब दुपटीच्या वर जातो. काठोकाठ भरलेली बाटली आधी गळते ती यामुळेच. खांद्याला वळण सुरू होतं तिथे भरणं थांबवायचं. ३० मिली तेल त्या रेषेच्या वर जात असेल तर बाटली बदलायची, हवा कमी करायची नाही.

पार्सल विमानाने गेलं तरी हेच होतं, फक्त दुसऱ्या बाजूने. विमान उंचीवर असताना आतल्या हवेचा दाब जमिनीवरच्या साधारण तीन चतुर्थांश असतो. बाटलीतला दाब तेवढाच राहतो, बाहेरचा उतरतो, आणि तेलाला बाहेरची दिशा मिळते.

तिसरं कारण रबरात आहे. फुगा नैसर्गिक रबराचा असेल तर तेल त्यात मुरतं. काही आठवड्यांत तो फुगतो, मऊ पडतो, चिकट होतो आणि काठावरची पकड सुटते. लव्हेंडर, संत्र्याची साल यांसारखी सुगंधी तेलं मिसळलेली असतील तर हे आणखी लवकर होतं. नायट्राइल रबर तेलापुढे जास्त टिकतं. दुकानात दोन्ही काळेच दिसतात, तेव्हा विचारून घ्यावं आणि उत्तरावर न थांबता स्वतः तपासावं. आपल्याच तेलात एक फुगा बुडवून आठवडाभर ठेवायचा. आधीचं आणि नंतरचं वजन घ्यायचं, आणि तो काठावर पूर्वीसारखा बसतो का ते पाहायचं.

चौथं कारण सगळ्यात साधं आणि सगळ्यात जास्त फसवणारं आहे: झाकण आणि बाटली एका मापाची नसणं. गळ्यावर किंवा मालाच्या यादीत 24/410 असा आकडा असतो. पहिला भाग म्हणजे आट्यांचा बाहेरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसरा भाग आट्यांची ठेवण आणि गळ्याची उंची सांगतो. 24/410 च्या बाटलीवर 24/415 चं झाकण फिरतं आणि घट्टही लागतं. पण ते उंच असल्यामुळे त्याची खालची कडा बाटलीच्या खांद्यावर आधी टेकते, आणि आतली चकती काठाला नीट लागतच नाही. हाताला ते आवळलेलं वाटतं, प्रत्यक्षात तोंड उघडंच असतं. बाटली एका दुकानातून आणि झाकण दुसऱ्या दुकानातून घेणाऱ्यांकडे ही गडबड हमखास होते. झाकण पूर्ण आवळल्यावर खांदा आणि झाकण यांच्यात बारीक फट राहिली पाहिजे. फट नसेल तर शंका घ्यावी.

बाटलीची खरी किंमत

आता हिशोब. पुढचे आकडे बाजारभाव म्हणून घेऊ नका. गणित कसं मांडायचं, एवढ्यासाठी ते धरले आहेत. प्रत्येकीने त्यात आपले आकडे घालावेत.

पहिला पर्याय म्हणजे नेहमीची ड्रॉपर बाटली. बाटली १४ रुपये, ड्रॉपर ९, एकूण २३. दुसरा पर्याय म्हणजे तीच बाटली वॅडच्या साध्या झाकणाने बंद करून पाठवायची आणि ड्रॉपर वेगळ्या छोट्या पाकिटात द्यायचा. झाकणाचे ३ आणि पाकिटाचा १ रुपया वाढून तो २७ ला पडतो. तिसरा पर्याय म्हणजे ड्रॉपरऐवजी छोटा पंप आणि त्यावर टोपण, एकूण ३० रुपये.

नुसत्या खरेदीच्या भावाने ड्रॉपर जिंकतो. पण एक बाटली गळाली की उद्योजिकेला काय भरून द्यावं लागतं? नवं तेल, समजा ९० रुपयांचं. नवी बाटली २३ ची. नवा खोका आणि आतलं भरण २० चं. पुन्हा कुरियर ७० चं. एकूण २०३ रुपये. हजार बाटल्यांत पाच टक्के, म्हणजे ५० बाटल्या गळाल्या, तर १०,१५० रुपये गेले. ते हजार बाटल्यांवर वाटले की प्रत्येकीमागे दहा रुपये होतात. म्हणजे २३ ची बाटली ३३ ला पडली. दुसऱ्या पर्यायात बाटली ४ रुपयांनी महाग झाल्यामुळे भरपाई २०७ ची होते. गळती एक टक्क्यावर आली तर १० बाटल्यांचे २,०७० रुपये, म्हणजे बाटलीमागे दोन रुपये. २७ ची बाटली २९ ला पडली. पंपाचीही गळती एक टक्का धरली तर तो ३२ ला पडतो. महाग दिसणारे दोन्ही पर्याय ड्रॉपरपेक्षा स्वस्त निघाले.

या गणितातून एकच सूत्र लक्षात ठेवण्यासारखं निघतं. या ब्रँडसाठी गळतीचा एक टक्का म्हणजे बाटलीमागे दोन रुपये. चार रुपये जास्त देऊन गळती दोन टक्क्यांपेक्षा जास्त घटत असेल तर ते चार रुपये द्यावेत. नसेल तर देऊ नयेत. हा आकडा काढायचा असेल तर किती बाटल्या गळाल्या हे लिहून ठेवावं लागतं, आणि इथेच बहुतेकांची वही कोरी असते. शिवाय वहीत फक्त तक्रार करणारे येतात. थोडं तेल सांडलेली बाटली पुसून गुपचूप वापरणारी आणि पुन्हा कधीच न मागवणारी ग्राहक त्यात येत नाही. म्हणून हाती आलेला टक्का नेहमी कमीच असतो असं धरून चालावं.

वेगळ्या ड्रॉपरलाही त्याची किंमत आहे. ग्राहकाला झाकण काढून ड्रॉपर लावायचं काम पडतं. कुणाला त्यात गंमत वाटते, कुणाला कटकट. सोबत दोन ओळींची चिठ्ठी लागते: झाकण काढा, ड्रॉपर लावा, आणि झाकण फेकू नका, प्रवासात तेच लावा. शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण घरी नीट वागणारा ड्रॉपर ग्राहकाच्या प्रवासी बॅगेत पुन्हा गळू शकतो आणि दोष ब्रँडलाच लागतो.

चौथा मार्ग होमिओपॅथीच्या बाटलीसारखा आहे. काठात घट्ट बसवलेलं थेंब पाडणारं बूच आणि वर साधं झाकण. तो स्वस्त आहे आणि गळतीला चांगला आहे. पण घट्ट तेल त्यातून फार सावकाश पडतं आणि पाचशे-सहाशे रुपयांच्या वस्तूला तो साजत नाही असं अनेकींना वाटतं. पातळ तेल आणि कमी किंमत असेल तर त्याच्याइतका सरळ उपाय नाही.

तेल खवट होऊ नये म्हणून

गळती पहिल्या आठवड्यात दिसते, टिकण्याचा प्रश्न सहा महिन्यांनी. तेलात पाणी नसल्यामुळे जंतू हा त्याचा मुख्य शत्रू नाही. मुख्य शत्रू हवेतला ऑक्सिजन, आणि त्याला मदत करणारे उजेड आणि उष्णता. गुलाबाच्या फळांच्या बियांचं तेल, म्हणजे बाजारात रोजहिप म्हणून मिळतं ते, लवकर खवट होतं. खोबरेल किंवा जोजोबा बराच काळ टिकतं. मिश्रणाची मुदत त्यातल्या सगळ्यात नाजूक तेलाने ठरते.

तपकिरी काच इथे कामाला येते. ती अतिनील किरणं आणि निळा उजेड बराचसा अडवते. पारदर्शक काच अतिनील किरणांचा मोठा भाग आत येऊ देते. मग तेलाचा सोनेरी रंग दिसावा म्हणून पारदर्शक बाटली घ्यायची का? घ्यायची असेल तर ती कायम पुठ्ठ्याच्या डबीत राहील असं गृहीत धरावं लागतं, आणि ग्राहक ती न्हाणीघराच्या खिडकीत ठेवतात. काचेतून हवा जात नाही. पीईटी प्लास्टिकमधून थोडी जाते, एचडीपीईमधून बरीच. एचडीपीई पाण्याला चांगलं अडवतं म्हणून त्यात लोशन भरतात, पण सुगंधी तेलं त्याच्या भिंतीत मुरतात. काही महिन्यांनी बाटली आत दबते आणि वास उडून जातो.

ड्रॉपर मात्र प्रत्येक वेळी उघडताना नवी हवा आत घेतो. शिवाय नळीचं टोक गालाला लागून पुन्हा बाटलीत बुडतं. पंपात तोंड उघडत नाही, म्हणून टिकण्याच्या बाजूने तो सरस. त्याच्याही पुढे एअरलेस बाटली. तिच्यात नळी नसते. तळाशी एक चकती असते, माल वापरला जाईल तशी ती वर सरकते आणि हवेला आत जागाच उरत नाही. व्हिटॅमिन सीचं सीरम हवेत पिवळं, मग तपकिरी पडतं, तिथे ती पैसे वसूल करते. साध्या तेलाला ती बहुतेक वेळा गरजेपेक्षा जास्त होते.

खवटपणा ओळखायला नाक चांगलं असतं, पण नाकाला तुलना लागते. प्रत्येक बॅचच्या दोन बाटल्या फ्रिजमध्ये ठेवायच्या आणि दर महिन्याला बाहेरची बाटली त्यांच्याशेजारी धरून हुंगायची. जुन्या शेंगदाण्यांसारखा वास आला की काम झालं. सुगंधी तेल जास्त असेल तर ते खवटपणा झाकतं. अशा वेळी प्रयोगशाळेत पेरॉक्साइडचं प्रमाण तपासून घ्यावं.

ही मुदत आपल्या अंदाजाने लिहिता येत नाही. भारतात सौंदर्यप्रसाधनं बनवायला परवाना लागतो. महाराष्ट्रात तो अन्न व औषध प्रशासनाकडून मिळतो. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार लेबलवर बॅच क्रमांक, परवाना क्रमांक आणि कुठल्या महिन्यापर्यंत वापरायचं हे छापावं लागतं. त्या महिन्यामागे पुरावा हवा. रूढ पद्धत अशी की माल त्याच्या शेवटच्या बाटलीत, त्याच झाकणासह, ४० अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेत तीन ते सहा महिने ठेवून रंग, वास आणि वजन पाहायचं. "त्याच बाटलीत" हे शब्द विसरू नयेत. काचेच्या चंचुपात्रात टिकलेलं तेल ड्रॉपरच्या बाटलीत टिकेलच असं नाही.

क्रीमची गोष्ट निराळी

हीच उद्योजिका उद्या क्रीम आणू लागली तर क्रम बदलतो. क्रीममध्ये पाणी असतं, म्हणून जंतू पुढे येतात. रुंद तोंडाची डबी दिसायला छान आणि भरायला सोपी, चमच्यानेही भरता येते. पण तीत रोज बोट जातं, आणि त्या बोटाला पुरेल इतका परिरक्षक घालावा लागतो. ट्यूबमध्ये बोट जात नाही. अॅल्युमिनियमचा थर असलेली लॅमिनेटेड ट्यूब हवा आणि उजेड दोन्ही अडवते. तिची अडचण भरण्यात आहे. ट्यूब मागच्या उघड्या टोकाकडून भरतात आणि ते टोक गरम करून चिकटवायला यंत्र लागतं. छापील ट्यूब हजारोंच्या संख्येनेच मिळते. म्हणून सुरुवातीला कोऱ्या ट्यूब आणि त्यावर लेबल, किंवा भरून देणारा दुसरा परवानाधारक कारखाना, हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

डबी निवडलीच तर तोंडावर इंडक्शन सील लावता येतं. झाकणातल्या वॅडला अॅल्युमिनियमचा पापुद्रा असतो. हातातलं छोटं यंत्र झाकणावर काही सेकंद धरलं की पापुद्रा तापतो आणि त्याखालचा प्लास्टिकचा थर डबीच्या काठाला चिकटतो. तो थर आणि डबी एकाच जातीच्या प्लास्टिकची हवीत. एचडीपीईच्या डबीला पीईटीचा वॅड धरत नाही. धातूच्या झाकणावर हे चालत नाही, आणि साध्या काचेला तर नेहमीचा वॅड चिकटतच नाही.

पाठवण्याआधी गाळून पाहा

प्रयोगशाळेत निर्वात पेटीत ठेवून गळती तपासतात. घरी तेवढं नसलं तरी तेलाच्या बाबतीत एक सोय आहे: तेल कागदावर लपत नाही. नव्या मालातल्या वीस बाटल्या नेहमीसारख्या भरायच्या, नेहमीच्या माणसाने आवळायच्या. दहा आडव्या, दहा उलट्या, प्रत्येकीखाली वर्तमानपत्राचा कोरा कागद. रात्रभर ४५ ते ५० अंशांत ठेवायच्या. शेजारी तापमापक ठेवावा. सकाळी कागद उजेडासमोर धरायचा. तेलाचा टिपका पडला असेल तिथे कागद पारदर्शक दिसतो. मग झाकणाच्या कडेला आणि फुग्याच्या कडीला वेगवेगळा टिश्यू लावून पाहायचं. कडेचा टिश्यू ओला झाला तर दोष मापाचा किंवा आवळण्याचा आहे. कडीचा ओला झाला तर दोष ड्रॉपरच्या बनावटीचा आहे, आणि तो माल परत करायचा.

जी गळती कागदावर दिसत नाही ती तराजूवर दिसते. शंभरावा ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्यायचा. बाटल्यांवर क्रमांक घालून पहिल्या दिवशी आणि दर आठवड्याला वजन लिहायचं. वजन एकसारखं उतरत असेल तर माल कुठून तरी जातोय, मग कागद कोरा असो.

आवळण्यातही एक बारकावा आहे. रबर आणि वॅड दबल्यावर काही तासांत थोडे सैलावतात, त्यामुळे संध्याकाळी घट्ट लावलेलं झाकण सकाळी मऊ लागतं. म्हणून भरल्यावर एक दिवस थांबून सगळी झाकणं पुन्हा तपासायची आणि मगच प्लास्टिकचं आवरण चढवायचं. आधी आवरण चढवलं तर सैल झाकण त्याखाली झाकलं जातं.

लेबलचीही परीक्षा याच वेळी होते. कागदी लेबलवर तेलाचं बोट लागलं की डाग कायमचा, आणि अक्षरं पुसट होतात. पीपीच्या फिल्मवर छापलेलं, वर लॅमिनेशन असलेलं लेबल घ्यावं. बॅच क्रमांक शाईच्या शिक्क्याने घालत असाल तर तो तेलकट अंगठ्याने घासून पाहावा. तारीख पुसली गेली तर कायद्याच्या दृष्टीने ती छापलीच नाही.

खोका उघडताना

आता चौथी गोष्ट, आणि ती शेवटी येते ती मुद्दामच. सुंदर खोक्यात तेलकट बाटली निघाली तर खोक्याचे पैसे दुप्पट वाया जातात. पण गळती आटोक्यात आली की मग खोक्यावर खर्च करायला हरकत नाही, फक्त कुठे करायचा ते ठरवावं.

पहिला प्रश्न आकाराचा. कुरियरवाले खरं वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त असेल ते धरतात. आकारमानाचं वजन काढायला लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा ५००० ने भागतात. आपल्या उद्योजिकेची भरलेली बाटली, डबी आणि खोका मिळून वजन पावकिलोच्याही आत आहे. खोका १३ बाय ८ बाय ७ चा घेतला तर आकारमानाचं वजन येतं साधारण १५० ग्रॅम, म्हणजे अर्ध्या किलोच्या टप्प्यात आरामात. तिने मोहाने २० बाय २० बाय ९ चा कडक भेटपेटीसारखा डबा घेतला तर तेच वजन होतं ७२० ग्रॅम. माल तेवढाच, पण कुरियरचा टप्पा वरचा. दर बाटलीमागे ती हवेचं भाडं भरते, आणि ज्या ऑर्डरी ग्राहक नाकारतो त्यांच्या परतीलाही तेवढंच भरते.

दुसरा प्रश्न, बाटली आत हलते का. तीनशे ते साडेतीनशे जीएसएमच्या पुठ्ठ्याची छापील डबी, कारखान्याच्या भाषेत मोनो कार्टन, बाटलीला घट्ट बसणारी असावी. झाकणाच्या वर आणि तळाशी पुठ्ठ्याची घडी असेल तर फुग्यावर दाब येत नाही. फुगा दाबला गेला की हवा बाटलीत ढकलली जाते, आणि वर सांगितलेली गळती पुन्हा सुरू होते. रंगीत कागदाच्या कातरणांचं भरण फोटोत छान दिसतं, पण वाहतुकीत ते एका कोपऱ्यात बसतं आणि बाटली मोकळी होते. पुठ्ठ्याचा कापलेला साचा किंवा मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार कागद धरून ठेवतो आणि दिसायलाही वाईट नसतो.

खोका तयार झाला की तो पाडून पाहायचा. पार्सलच्या चाचणीची आंतरराष्ट्रीय पद्धत अशी: दहा किलोच्या आतलं पार्सल ७६ सेंटिमीटरवरून दहा वेळा पाडायचं, एका कोपऱ्यावर, तीन कडांवर आणि सहा बाजूंवर. जेवणाच्या टेबलाची उंची साधारण तेवढीच असते. त्यानंतर खोका उघडून बाटली आणि कागदाची परीक्षा पुन्हा घ्यायची. पावसाळ्यासाठी एक खोका ओलसर खोलीत दोन दिवस ठेवून मग पाडावा. दमट हवेत नालीदार पुठ्ठ्याची ताकद जवळपास निम्म्यावर येते. मार्चमध्ये पास झालेला तीनपदरी खोका जुलैत कोकणात चेपतो तो यामुळे.

सजावटीचे पैसे कुठे टाकायचे? बाहेरचा खोका साधा तपकिरीच ठेवावा. तो कितीही सजवला तरी कुरियरच्या चिकटपट्टीखाली आणि चिठ्ठीखाली जातो, आणि आत महाग वस्तू आहे हे सगळ्यांना कळतं. झाकणाच्या आतल्या बाजूला एका रंगात छपाई स्वस्तात होते आणि नजर तिथेच आधी जाते. छापील डबीवर फॉइल किंवा उठाव हवा असेल तर त्याचा साचा एकदाच करावा लागतो. हजाराच्या खाली तो परवडत नाही, पाच हजारांत डबीमागे किरकोळ होतो. तोवर चांगला जाड पुठ्ठा, नीट बसणारी घडी आणि वाचता येणारी अक्षरं पुरतात. दोन ओळींची ती ड्रॉपरची चिठ्ठी छान कागदावर छापली तर वेगळ्या सजावटीच्या कार्डाची गरजही पडत नाही.

महिन्याला दोन-तीनशे बाटल्या विकणाऱ्या आपल्या उद्योजिकेने आज तपकिरी काच, वॅडचं झाकण, वेगळा नायट्राइल ड्रॉपर, घट्ट मोनो कार्टन आणि छोटा तपकिरी खोका घ्यावा. विक्री महिन्याला दोन हजारांवर गेली, पंप थेट उत्पादकाकडून आणि स्वस्तात मिळू लागला, की हाच हिशोब पुन्हा मांडावा. तेव्हा कदाचित पंप जिंकेल. तेल बदललं, त्यात नवं सुगंधी तेल आलं किंवा ड्रॉपरचा पुरवठादार बदलला, तर कागदावरची वीस बाटल्यांची रात्र पुन्हा काढावी. दुकानदाराची गॅरंटी त्याच्या फळीपुरती असते. त्यापुढची जबाबदारी लेबलवर ज्याचं नाव छापलंय त्याची.